तिचा नेपच्यून, त्याचा शुक्र

"गुण किती जुळतात तेवढं सांगा," म्हणत तो समोर बसला. जन्म फेब्रुवारी १९९५ च्या अखेरीचा. मुलगी ऑफिसातली, त्याच वर्षी जन्मलेली. तिची तारीख फेसबुकवरून उचललेली, वेळ अर्थातच नाही. वेळ नाही म्हणजे पत्रिकेची लग्नरास मांडता येत नाही, आणि चंद्र दिवसाला बारा-तेरा अंश सरकत असल्यानं नक्षत्रही खात्रीचं नाही. गुणमेलन तर सगळं त्याच नक्षत्रावर. ते बाजूला ठेवून मी दोन्ही पत्रिकांचे ग्रह एकमेकांवर ठेवून पाहिले.

त्याचा शुक्र सायन मकरेत चोवीस अंशांवर. तिचा नेपच्यून तिथंच, एका अंशाच्या फरकानं. अशा युतीत शुक्रवाला झुरतो, नेपच्यूनवाल्याच्या गावीही नसतं, असं आम्ही मानतो. कोन दोघांना सारखाच, पण शुक्र ज्याचा त्याचा जिव्हाळ्याचा ग्रह, नेपच्यून तसा नाही. म्हणून उलटी बाजूही बघावी लागते: त्याचा एखादा ग्रह तिच्या रवी, शुक्र, मंगळाला लागतो का? दीप्तांश, म्हणजे चालणारा फरक, तीनच अंश धरला. काही नाही. चंद्राबद्दल बोलायची सोयच नव्हती.

"एकतर्फी आहे," मी सांगितलं. तो मान खाली घालून बसला. गेली कित्येक वर्षं मी इथंच थांबायचो.

त्या दिवशी का कोण जाणे, माझ्या भाचीची पत्रिका त्याच्या पत्रिकेवर ठेवून पाहिली. तीही १९९५ ची. तिचाही नेपच्यून त्याच्या शुक्रावर! यात नवल काहीच नव्हतं. नेपच्यून एका राशीत चौदा-एक वर्षं काढतो, वर्षाला जेमतेम दोन अंश पुढं जातो. म्हणजे त्याच्या अख्ख्या वर्गाचा नेपच्यून तिथंच असणार. आणि त्याचा स्वतःचाही. मग त्याची एकट्याची पत्रिका नीट पाहिली. शुक्र-नेपच्यून युती, जन्मापासूनची. मी ती दोन पत्रिकांच्या मध्ये शोधत बसलो होतो.

"याआधी असं कुणाबद्दल वाटलं होतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दोनदा. एक अकरावीत, एक इंजिनिअरिंगला."

"वयानं?"

"माझ्याच वर्गातल्या होत्या." थोडं थांबून, "त्यांनाही कधी कळलं नाही."

मी म्हटलं, या मुलीची पत्रिका मी आता पुन्हा उघडणार नाही. तिला न विचारता उघडली हेच मुळात चुकलं होतं, आणि तिच्या नेपच्यूनमध्ये तिचं म्हणून काही नव्हतंही. त्यानं पाकीट ठेवलं, मी अर्धीच दक्षिणा घेतली.

संध्याकाळी जुन्या वह्या काढल्या. ‘एकतर्फी’ असा शेरा मारलेल्या पत्रिकांमध्ये समवयस्कांच्या चार जोड्या सापडल्या. तिघांच्या स्वतःच्याच पत्रिकेत शुक्राला नेपच्यून किंवा हर्षल लागलेला होता. माझ्या शेऱ्यात त्याचा उल्लेख एकदाही नव्हता.