खांद्याचा कांदा होऊ न देता: गोंगाटातले संवाद साफ करताना

सीन साडेचार मिनिटांचा. जुन्या वाड्याचं स्वयंपाकघर, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या, आई आणि मुलगा बोलतायत. बूमचा एक ट्रॅक आणि दोघांच्या कॉलर माईकचे दोन, सगळं 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. बूमवर जाडजूड हम होता, मुलाच्या कॉलर माईकवर हिस, आणि खोलीचा घुमारा तिन्हींवर. दिग्दर्शकाची मुख्य तक्रार मात्र एकच होती: आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय.

त्यातला निम्मा पिंप खोलीचा नव्हताच. चित्राच्या एडिटमध्ये बूम आणि कॉलर माईक दोन्ही एकदम चालू ठेवलेले होते. कॉलर माईक तोंडापासून 25 सेंटीमीटरवर, बूम साधारण दीड मीटरवर. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे सव्वा मीटरच्या फरकामुळे बूममध्ये तोच शब्द 3.6 मिलिसेकंद उशिरा पोचतो, सुमारे 175 सॅम्पल. हे दोन ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की 137, 412, 686 हर्ट्झ अशा ठरावीक जागी आवाज एकमेकांना खातो, आणि उरतं ते पोकळ बोलणं. 175 सॅम्पल सरकवून ते जुळवता येतं, पण नट ओट्यापासून दारापर्यंत चालला की अंतर बदलतं आणि जुळणी सुटते. म्हणून मी प्रत्येक वाक्याला एकच माईक निवडला आणि दुसरा म्यूट केला. आईची बहुतेक वाक्यं बूमवर ठेवली, कारण तिच्या कॉलरवर पदर घासत होता. मुलाची कॉलरवर. एकही फिल्टर न लावता पिंप बराच ओसरला. घुमाऱ्याची तक्रार आली की आधी एक-एक ट्रॅक सुटा ऐकायचा, तो याच कारणासाठी.

उरलेल्यात क्रम असा ठेवला: आधी हम, मग हिस, सगळ्यात शेवटी घुमारा. घुमारा कमी करणारं प्लगइन शब्द संपल्यावर आवाज किती वेगानं विरतो ते बघतं. खाली हम आणि हिस भरलेला असेल तर आवाज पूर्ण विरतच नाही, आणि प्लगइनचा अंदाज फसतो. हमचंही तसंच. तो आत असताना नॉईजचा नमुना घेतला तर डीनॉईज खालच्या पट्ट्यात आईच्या आवाजाचा पायाच पोखरतं.

हम एक नव्हता, दोन होते. एक फक्त बूमच्या ट्रॅकवर, बूम कुठेही फिरवला तरी पातळी तीच. हा विजेचा: रेकॉर्डर एका अॅडॅप्टरवर, कॅमेरा दुसऱ्या अॅडॅप्टरवर आणि दोघांमध्ये ऑडिओची केबल, म्हणजे अर्थिंगचा फेरा पूर्ण. दुसरा तिन्ही ट्रॅकवर कमी-जास्त, बूम वळला की बदलणारा, आणि पहिल्या दोन टेकनंतर नाहीसा. हा फ्रिजचा. पहिल्याला पूर्ण ट्रॅकभर एकच फिल्टर चालतो. दुसऱ्याला जिथे फ्रिज चालू आहे तेवढ्याच तुकड्यावर लावावा लागतो, नाहीतर पुढच्या टेकमध्ये विनाकारण खड्डे पडतात.

आपली वीज 50 हर्ट्झची म्हणतात, पण ती पन्नासच्या आसपास हलत असते. हम तिच्या पटींवरही रेघा उमटवतो, म्हणून हे नेमकं मोजायला मी पन्नासची रेघ बघत नाही, विसावी बघतो. स्पेक्ट्रोग्रामची खिडकी 65536 सॅम्पलची केली की दोन रेघांमधला फरक पाऊण हर्ट्झपर्यंत दिसतो. 1000 च्या जागी रेघ 998.4 वर सापडली. भागिले वीस, म्हणजे मूळ वारंवारिता 49.92. हा फरक पन्नासच्या रेघेपाशी किरकोळ वाटतो, पण वर जाता जाता तो गुणला जातो. म्हणूनच 50 वर ठेवलेली अरुंद गाळणी खालचा हम काढते आणि वरची भुणभुण तशीच राहते. लोक मग गाळणीची खोली वाढवत बसतात, खरी चूक मोजणीत असते.

पेड प्लगइन नसलं तर हेच ffmpeg नं होतं:

```
ffmpeg -i boom.wav -af "bandreject=f=49.92:t=q:w=20,bandreject=f=99.84:t=q:w=20,bandreject=f=149.76:t=q:w=20,bandreject=f=249.6:t=q:w=20" -c:a pcm_s24le boom_hum.wav
```

200 ची रेघ इथे मुद्दाम नाही. ती फार वर आलेली नव्हती, आणि आईचा आवाज बोलताना नेमका 200 च्या आसपास खेळत होता. ती कापली तर दर दुसऱ्या शब्दात आवाज क्षणभर पातळ होतो. ज्या रेघा डोळ्यांना ठळक दिसतात आणि कानाला टोचतात तेवढ्याच घ्यायच्या, प्लगइन तीस देतंय म्हणून तीस घ्यायच्या नाहीत. क्यूचा आकडाही (इथे तो `w=20` आहे) हौसेनं वाढवू नये. गाळणी जितकी अरुंद तितकी ती जास्त वेळ वाजते. 100 हर्ट्झवर क्यू 60 ठेवला तर फिल्टरची स्वतःची झणझण 60 डेसिबल खाली यायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्तच वेळ लागतो. जोरात उच्चारलेल्या ‘बाळा’नंतर मंद घंटेसारखं काहीतरी ऐकू आलं तर ते हेच. 20 ला तेच काम अर्ध्या सेकंदाच्या आत मिटतं.

आता हिस. मुलाच्या ट्रान्समीटरचा गेन फार खाली राहिला होता. त्याचं बोलणं -34 डीबीएफएसच्या वर जातच नव्हतं. ते 16 डेसिबलनं उचललं, तसा हिसही 16 नं उचलला गेला. रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, तीस सेकंद घेतलेला होता, पण त्यात भांड्याचा आवाज, कुणाचं तरी खाकरणं आणि खुर्ची. स्वच्छ असे अकरा सेकंद मिळाले. नमुन्याला दोन सेकंदही पुरतात, फक्त ते त्याच टेकचे, त्याच माईकचे आणि गेन उचलल्यानंतरचे हवेत.

एका फटक्यात जास्त काढण्याऐवजी दोनदा थोडं थोडं काढलं: एकदा 5 डेसिबल, मग नवा नमुना घेऊन 4. एकदम जास्त काढलं की हिसचे तुकडे उरतात आणि ते पाण्यात बुडबुडल्यासारखे किलबिलतात. सरळ एकसारख्या हिसपेक्षा हे कितीतरी वाईट, कारण कान हिस विसरतो, बुडबुडे विसरत नाही.

मराठीत आणखी एक धोका आहे आणि तो प्रीसेट बनवणाऱ्यांच्या ध्यानात नसतो. ख, थ, ठ, छ या अक्षरांमधला श्वास म्हणजे मशीनच्या लेखी हिसच. सीनमध्ये मुलगा म्हणतो, “आई, खांदा दुखतोय गं.” पहिल्या प्रयत्नात 12 डेसिबल काढले तेव्हा तो स्पष्टपणे ‘कांदा दुखतोय’ म्हणत होता. पुढे ‘थोडं’चं ‘तोडं’ झालं होतं. मजा अशी की संवाद पाठ असलेल्या माणसाला हे ऐकूच येत नाही, तो डोक्यातला ख ऐकतो. त्यामुळे स्क्रिप्ट न वाचलेल्या कुणाला तरी बसवून लिहून घ्यायला सांगणं बरं पडतं.

स्वतःला तपासायचं तर आरएक्स या सफाईच्या सॉफ्टवेअरमध्ये `Output noise only` चालू करायचं, म्हणजे जे काढलं जातंय तेवढंच ऐकू येतं. तिथे नुसता ‘श्श्श’ असेल तर ठीक. त्यात शब्दांचं भूत कुजबुजत असेल तर आपण माणूस काढतोय. या वाक्यात ‘खां’च्या सुरुवातीचा तुकडा तिथे लख्ख ऐकू येत होता. शेवटी पूर्ण ट्रॅकला हलका हात ठेवला आणि ‘खां’ व ‘थो’ची सुरुवात, प्रत्येकी पन्नासेक मिलिसेकंद, डीनॉईज न केलेल्या कॉपीतून आणून क्रॉसफेडनं चिकटवली. तेवढ्या क्षणात हिस वर येतो, पण अक्षराचा श्वास त्याला झाकतो.

घुमाऱ्याबद्दल अपेक्षा आधीच खाली ठेवाव्यात. हम आणि हिस आवाजापेक्षा वेगळे असतात. घुमारा म्हणजे तोच आवाज पुन्हा आलेला. तो पूर्ण वेगळा होत नाही. बूमच्या वाक्यांवर 4 डेसिबलच्या पुढे गेलो की शब्दांची शेपटं तुटायला लागली, ‘भात’मधला त बंद दारासारखा आपटायला लागला. तीनवर थांबलो. कॉलरवर तेवढीही गरज नव्हती. माणूस जवळ, माईक जवळ, खोली आपोआप मागे राहते.

पण इथे नवा प्रश्न तयार होतो: आईचं वाक्य खोलीत, मुलाचं उत्तर जणू रजईत. म्हणून दोघांना एकाच खोलीत आणायला मुलाच्या ट्रॅकवर अगदी पातळ रिव्हर्ब परत घालावा लागतो. काढायचं आणि परत घालायचं, हे विचित्र दिसतं खरं. तो रिव्हर्ब मी स्वतः छापला नाही, मिक्सिंग इंजिनियरसाठी टीप लिहून सोडला, कारण त्याला स्पीकरवर थिएटरचं माप मिळतं.

वाक्यांच्या मधल्या जागा रिकाम्या ठेवल्या नाहीत. त्या अकरा सेकंदांवरही तीच सफाई चालवली आणि सीनभर वेगळ्या ट्रॅकवर सलग अंथरले, सांध्यांवर लांब क्रॉसफेड देऊन. बोलणं थांबल्यावर मागची हवा नाहीशी झाली, तर प्रेक्षकाला प्रत्येक कट ऐकू येतो.

एवढं झाल्यावर मॉनिटरवर एक कॉम्प्रेसर लावला, 4:1, मोठ्या शब्दांवर 8 डेसिबल दाबणारा, आणि दाबलेली पातळी तेवढीच परत वर उचलणारा. तो फक्त ऐकण्यापुरता. मिक्समध्ये संवादांवर असंच काहीतरी लागणार असतं, आणि ते मोठं दाबून बारीक उचलतं. मुळात सहन होणारा हिस तिथे 8 डेसिबलनं वर येतो. या चाचणीत मुलाची दोन वाक्यं नापास झाली, त्यांना आणखी 2 डेसिबल दिले. आईची पास झाली, म्हणून त्यांना पुन्हा हात लावला नाही.

एक वाक्य मात्र सुटलं नाही. “तू परत कधी येणार?” यातल्या ‘कधी’वर कुकरची शिट्टी. शिट्टीची रेघ स्पेक्ट्रोग्रामवर रंगवून काढता येते, पण इथे ती वाफेच्या फुसकाऱ्यासकट होती, आणि तो फुसकारा अख्ख्या पट्ट्यावर पसरतो. तिसऱ्या टेकमध्ये तोच शब्द स्वच्छ होता, जरा सावकाश म्हटलेला. तो आणून ओठांच्या हालचालीला दोन फ्रेमनं आवळून बसवला.

मिक्सला साफ ट्रॅक दिले, आणि त्यांच्याच खाली म्यूट करून, मागेपुढे दोन सेकंदांच्या जादा हँडलसकट, मूळ ट्रॅक. मिक्सच्या दिवशी इंजिनियरनं दोन ठिकाणी साफ ट्रॅक बंद करून मूळ उघडला. मागे पाऊस लावला होता, हिस त्यात बुडाला, आणि खांद्याचा ख आपला आपण नीट वाजला.