काळी पट्टी आणि पिवळी कुपी

दादरला दंतचिकित्सालय सुरू केले, तेव्हा माझ्या मदतनीस ताईंना काम समजावताना मी सगळ्यालाच ‘निर्जंतुक करणे’ म्हणत असे, आणि घोटाळा तिथूनच झाला. एके दिवशी दात काढण्याचे चिमटे २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटे बुडवून ताईंनी ‘निर्जंतुक’ म्हणून ट्रेमध्ये मांडलेले दिसले. हे झाले डिसइन्फेक्शन. एवढ्या वेळात बहुतेक जिवाणू आणि विषाणू मरतात, पण टणक आवरणाचे बीजाणू तग धरतात. त्यांच्यासाठी त्याच द्रावणात सुमारे १० तास लागतात. हिरडीत किंवा हाडात शिरणाऱ्या अवजारावर बीजाणूही उरता कामा नयेत, म्हणून त्याला स्टरिलायझेशनच हवे.

त्या दिवसापासून चिमटे घासून, धुऊन, कोरडे करून पाकिटांत घालायचे आणि दाबाखालच्या वाफेने तापवणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियस तापमानाला ३० मिनिटे ठेवायचे, असे ठरले. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून मी बीजाणू असलेली एक चाचणी-कुपी मधल्या पाकिटात ठेवली. यंत्र थांबल्यावर ताई म्हणाल्या, “मॅडम, पट्टी तर काळी झालीय.” पाकिटावरच्या पट्टीच्या रेघा खरोखरच गडद होत्या, पण ती पट्टी पाकीट तापल्याचे सांगते, आतले बीजाणू मेल्याचे नाही. म्हणून ती सगळी खेप बाजूला ठेवून कुपी ५६ अंशांवर उबवली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यातले जांभळे द्रावण पिवळे झाले होते, म्हणजे बीजाणू जिवंत होते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आम्ही पाकिटे एकावर एक दाबून भरली होती, त्यामुळे मधली हवा बाहेर पडली नाही आणि वाफ तिथे पोहोचलीच नाही. पुढच्या वेळी निम्मीच पाकिटे, कडेवर उभी, बोटभर अंतर सोडून लावली. त्या वेळच्या कुपीतले द्रावण जांभळेच राहिले, आणि ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली तुलनेची कुपी पिवळी झाली, म्हणून त्या जांभळ्या रंगावर विश्वास ठेवता आला. बाजूला ठेवलेली खेप नव्या पाकिटांत घालून पुन्हा लावली.

अँटिसेप्सिसचा विषय निघाला तो ताईंनी विचारलेल्या एका प्रश्नामुळे: त्वचेला पोव्हिडोन आयोडिन चालते, तर अवजाराला का नाही? अँटिसेप्टिक जिवंत पेशींना सोसेल इतपतच जहाल असावे लागते, म्हणून ते जंतूंची संख्या कमी करते, सगळे संपवत नाही. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला ०.२ टक्के क्लोरहेक्झिडाइनने गुळण्या करायला लावतो, त्या एवढ्यासाठीच. रक्त सांडलेल्या ओट्यावर मात्र आधी रक्त पुसून १ टक्का हायपोक्लोराइट १० मिनिटे ठेवतो. धातू गंजतो, म्हणून ते चिमट्यांना लावत नाही.

पावसाळ्यात आता एक काळजी वाढली आहे. मुंबईच्या दमट हवेत पाकिटे लवकर सुकत नाहीत आणि ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, त्यामुळे ओले निघालेले पाकीट आम्ही कपाटात न ठेवता पुन्हा पहिल्यापासून लावतो.