तुम्ही विचारलंत म्हणून: आयडी तोच, मग पासवर्ड का बदलतो?

"आयडी तर तोच असतो, मग पासवर्ड दर वेळी नवा कशाला? एकदाच कायमचा करून टाका ना. रोज फोनवर कोण वाचून दाखवत बसणार?"

टीमव्ह्यूअरसारख्या टूलने मी लांबूनच तुमच्या कॉम्प्युटरला जोडून घेतो आणि त्यासाठी तुम्हाला स्क्रीनवरचा आयडी आणि पासवर्ड मला फोनवर वाचून दाखवावा लागतो. तुमचा त्रास मला कळतो. प्रिंटर अडलेला असतो, समोर माणसं ताटकळत असतात आणि मी फोनवर "बी मोठा की लहान?" असं विचारत असतो. तरीही मी नाही म्हणतो, आणि ते का, हे घाईच्या फोनवर कधीच नीट सांगून होत नाही.

आधी आयडीचं बघू. तुमचा कॉम्प्युटर राउटरच्या मागे असतो, त्यामुळे बाहेरून त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. टूल सुरू झालं की ते आपल्या सर्व्हरला कळवतं, की या आयडीचं मशीन सध्या इथे आहे. मी तो आयडी टाकला की सर्व्हर आमची गाठ घालून देतो. म्हणजे आयडी हा निव्वळ पत्ता आहे. तो कुणाला कळला तर तो माणूस दारापर्यंत येईल, पण आत येणार नाही. पत्ता रोज बदलून चालत नाही, म्हणून तो टिकाऊ ठेवलेला असतो. टीमव्ह्यूअर तो मशीनच्या हार्डवेअरवरून ठरवतं. एनीडेस्कमध्ये पहिल्यांदा सुरू करताना सर्व्हर तो देतो आणि मग तो डिस्कवरच्या एका फाइलमध्ये राहतो. "या वेळी आयडीपण बदलला" असं कुणी सांगितलं, की मी विंडोज नव्याने टाकलं का, मदरबोर्ड बदलला का, हे विचारतो. बरेचदा तसं काहीच झालेलं नसतं. काल इन्स्टॉल केलेलं टूल उघडलेलं असतं आणि आज डाउनलोड्समधली सुटी फाइल. उलटाही प्रकार होतो: एका मशीनची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर कॉपी केली, की दोन्ही एकच आयडी सांगतात आणि मी जोडायला जातो एकाला, समोर येतो दुसऱ्याचा स्क्रीन.

पासवर्डचं काम निराळं आहे. टीमव्ह्यूअरसारख्या टूलमध्ये तो तुमच्याच मशीनवर, टूल सुरू होताना, आपोआप तयार होतो. टीमव्ह्यूअरच्या सर्व्हरलाही तो कळत नाही. दोन्ही टोकांना तोच पासवर्ड आहे एवढं पडताळलं जातं, तो स्वतः पाठवला जात नाही. तो सांगायला कुणीतरी आत्ता त्या स्क्रीनसमोर बसलेलं असावं लागतं आणि त्या माणसाला मी आत यायला हवा असतो. तुम्ही मला वाचून दाखवता ते हेच: "मी इथे आहे, या." कालची परवानगी आज चालू नये म्हणून तो बदलतो.

मीही एके काळी याच्या विरुद्ध बोलायचो. सहा अक्षरांचा पासवर्ड अंदाजाने सापडणार नाही, मग बदलायचा कशाला, असा माझा युक्तिवाद होता. आणि त्यात तथ्य होतं. टीमव्ह्यूअरमध्ये पासवर्ड चुकत गेला की पुढच्या प्रयत्नाआधीची थांबायची वेळ वाढत जाते; 24 प्रयत्नांना 17 तासांपर्यंत लागतात. अंदाजाने कुणी आत शिरणार नाही, हे मी आजही म्हणेन. पण धोका अंदाजाचा नव्हताच.

एका ऑफिसात हिशेब बघणाऱ्या ताई माझं सगळं व्यवस्थित वहीत उतरवून ठेवायच्या. पानाच्या वर आयडी, खाली त्या दिवशीचा पासवर्ड. एका दुपारी त्यांना फोन आला. "कालचं काम अर्धं राहिलंय, सरांनी मला करायला सांगितलंय." बोलणारा सफाईदार होता. त्याने आयडी मागितला, ताईंनी वहीतून वाचला. पासवर्ड मागितला, तोही वहीतूनच वाचला, कारण टूल अजून उघडायचं होतं. तो पासवर्ड आदल्या दिवशीचा होता. त्यांनी टूल उघडलं तेव्हा नवा तयार झालेला होता, त्यामुळे वाचलेला चालेना. त्याने पुन्हा वाचायला लावला. पुन्हा नाही. मग त्याचा आवाज चढला: "वहीतला नको, स्क्रीनवर जो दिसतोय तो वाचा. लवकर."

इथे ताई थांबल्या. मला नंतर म्हणाल्या, "तुम्ही नेहमी आधी टूल बंद करून उघडायला लावता आणि मग पासवर्ड विचारता. याला ते माहीतच नव्हतं." त्यांनी फोन कट केला आणि मला लावला. मी सांगितलं, आधी नेटची वायर काढा. मग संध्याकाळी जाऊन टूलची कनेक्शनची नोंद उघडून पाहिली. त्या दिवशीचं एकही कनेक्शन नव्हतं. त्या मशीनवर बँकेचं लॉगिन उघडं होतं.

कायमचा पासवर्ड असता, तर तो भामटा वहीतल्या पहिल्याच वाचनात आत गेला असता. इतकंच मला तुम्हाला सांगायचं असतं, दर वेळी.

पण बदलत्या पासवर्डने त्यांना वाचवलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याने त्यांना दोन मिनिटं मिळवून दिली. स्क्रीनवरचा वाचून दाखवला असता तर तोही तितकाच चालला असता. शिवाय "वन-टाइम" म्हणजे एकदा वापरला की संपला, असं सगळीकडे नसतं. टीमव्ह्यूअरमध्ये सेटिंग बदललं नसेल तर टूल चालू आहे तोवर तोच पासवर्ड पुन्हा चालतो. वरची फुली दाबून टूल बंद होतंच असं नाही. घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह राहतं. त्यावर राइट क्लिक करून बाहेर पडावं लागतं. काम संपल्यावर मी फोन न ठेवता ते करून घेतो, ते याचसाठी. क्रोम रिमोट डेस्कटॉपचा मदतीचा कोड खरोखर एकदाच चालतो आणि पाच मिनिटांत मरतो. विंडोजच्या क्विक असिस्टमध्ये दिशाच उलटी आहे: कोड माझ्याकडे तयार होतो, दहा मिनिटं टिकतो आणि तुम्ही तो टाकता. तिथे तुमच्याकडून वाचून घेण्यासारखं काही नसतं, पण भामटा स्वतःचा कोड तुम्हाला टाकायला लावू शकतोच.

आणि हो, काही मशीनवर मी कायमचा पासवर्ड ठेवलाय. रात्री बॅकअप घेणारं मशीन आहे, त्याच्यासमोर कुणीच बसत नाही. तिथे वाचून कोण दाखवणार? तो पासवर्ड लांब आहे, कुठल्याही वहीत नाही, आणि त्या मशीनला फक्त माझ्या आयडीवरून जोडता येतं. मग तुमच्या मशीनला हेच का नाही, असं तुम्ही विचाराल. तुमच्या मशीनसमोर तुम्ही असता, म्हणून. हे उत्तर पुरतं पटत नाही, हे मला ठाऊक आहे. अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट होतं, कनेक्शन तुटतं, पासवर्ड बदललेला असतो आणि तुम्ही जेवायला गेलेले असता. तेव्हा मलाही ते पटत नाही. मी तुमच्या फोनची वाट बघत बसतो.