आमची वाटचाल: हळद, काटा आणि उलटे आकडे

2009 साली सांगलीच्या विश्रामबागेत एका गाळ्यात आम्ही दोघांनी सुरुवात केली. मी आणि माझा भागीदार. बीई, एमसीएच्या पोरांचे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करून घ्यायचे आणि जमेल तशी बाहेरची कामं धरायची. पुढची काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते सॉफ्टवेअर बनवायचं स्पायरल मॉडेल आम्हाला कसं उमगलं ते.

मग मार्केट यार्डातल्या अण्णांच्या अडत दुकानाचं काम आलं. हळदीची पोती काट्यावर चढली की वजन आपोआप संगणकात, सौद्याचा दर टाकला की शेतकऱ्याची हिशोबपट्टी बाहेर. आम्ही पोरांना शिकवायचो तसंच, वॉटरफॉलने, म्हणजे एक पायरी पुरी झाली की मगच पुढची, असं केलं. एसआरएसवर, म्हणजे सगळ्या गरजा लिहिलेल्या कागदावर, अण्णांची सही घेतली, मग डिझाइन, मग कोडिंग. आठ महिने. टेस्टिंगला वजनं हातानेच टाइप केली, कारण काटा यार्डात आणि आम्ही विश्रामबागेत.

ऐन हंगामात बसवायला गेलो. पहिला काटा ठीक चालला. तो असं पाठवायचा:

```
ST,GS,+  052.40kg
```

`ST` म्हणजे वजन स्थिरावलं, `US` म्हणजे अजून हलतंय. आमचा प्रोग्राम ही दोन अक्षरं बघतच नव्हता. हमालाचा हात पोत्यावर असतानाच वजन उचलायचा. दुसऱ्या जुन्या काट्याची तऱ्हाच वेगळी, तो शेवटचा आकडा आधी पाठवायचा. 52.40 किलोचं पोतं पट्टीवर 4.25 किलो छापून आलं. शेतकरी जमले, आवाज चढले, अण्णांनी मुनिमाला वही काढायला लावली. ॲडव्हान्स परत केला, दोन संगणक विकले. भागीदार महिन्याभरात बाहेर पडला. त्याचं पुढे येईलच.

पुष्कळ जण म्हणाले, व्ही मॉडेल वापरायला हवं होतं. त्यात प्रत्येक पायरीची टेस्ट आधीच लिहून ठेवतात: गरजांसमोर ॲक्सेप्टन्स टेस्ट, डिझाइनसमोर इंटिग्रेशन टेस्ट. शिस्त उत्तम, मी आजही वापरतो. पण ‘काट्यावरचं वजन पट्टीवर जुळलं पाहिजे’ ही टेस्ट पहिल्या महिन्यात लिहिली असती, तरी चालवली असती आठव्याच महिन्यात. कागद आधी झाला असता, काट्याला हात उशिराच लागला असता.

अण्णा मात्र आम्हाला सोडून गेले नाहीत. म्हणाले, “पुढच्या हंगामाला या. पण या वेळी आधी काटा, मग बाकीचं.” स्पायरल मॉडेल मांडणारे बॅरी बोहेम यांनी 1988 च्या लेखात जे लिहिलंय, त्याचं मर्म अण्णांनी गल्ल्यावर बसून सांगितलं. प्रत्येक फेरीत उद्दिष्ट आणि पर्याय ठरवा, सगळ्यात मोठा धोका हुडका, तो कमी होईल एवढंच करून बघा, मग पुढची फेरी आखा.

दुसऱ्या खेपेला हिशोब मांडला. काटा दगा देण्याची शक्यता माझ्या अंदाजाने 40 टक्के, दिला तर नुकसान 1,00,000 रुपये. म्हणजे धोक्याचं वजन 40,000. तीन दिवस यार्डात लॅपटॉप आणि सिरियल केबल घेऊन बसायचा खर्च 6,000. त्यानंतर शक्यता 10 टक्क्यांवर येईल, म्हणजे वजन 10,000. सहा हजारांत तीस हजारांचा धोका गेला, रुपयाला पाच रुपये. लॉगिनच्या स्क्रीनला हाच हिशोब लावला तर काहीच निघत नाही, म्हणून ती शेवटी. हे टक्के अंदाजाचेच असतात, पण आधी कशाला हात घालायचा ते त्यातूनच कळतं.

पहिल्या फेरीत ना लॉगिन, ना रिपोर्ट. फक्त दोन काट्यांचं वाचन. दुसरीत, सौद्याच्या वेगाने मुनिमाला टाइप करता येतंय का, ते नुसत्या कागदी स्क्रीनवर पाहिलं. नाही जमलं, म्हणून रकाने कमी केले. मोठा धोका उरला नाही तेव्हा उरलेलं सरळ वॉटरफॉलने उरकलं. बोहेमना तेही मान्यच होतं.

आता भागीदाराचं. त्याने जवळच दुकान थाटलं आणि तयार प्रोजेक्ट विकतो. ब्लॅक बुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालात, स्पायरलची आकृती चिकटवलेली, रिस्कच्या तक्त्यात ‘वीज जाणे, सदस्य आजारी पडणे’. पोरांना मार्क पडतात, आमची पोरं त्याच्याकडे जातात. मला राग येतो, लपवत नाही. आमच्याकडे यायचं तर सिनॉप्सिसमधला रिस्कचा तक्ता झाकून बघा. कामाचा क्रम जराही बदलला नाही, तर तो वॉटरफॉलच, आकृती कितीही गोल असो. आणि कामाला ठोस धोका नसेल, समजा ठरलेल्या नमुन्याची गुणपत्रिका छापायची असेल, तर वॉटरफॉलच लिहा. विन्स्टन रॉइस यांनी 1970 च्या लेखात वॉटरफॉलची अशी सरळ उतरंड काढून लगेच लिहिलंय की ही अशीच राबवली तर धोक्याची आहे. पुढचं वाक्य वाचायचं सोडून लोक आकृती तेवढी उतरवतात.

तो जुना काटा गेल्या वर्षी भंगारात निघाला. त्याचा इंडिकेटर अण्णांनी स्वतः आणून दिला. माझ्या टेबलावर आहे. प्लग लावला की अजून आकडे उलटेच पाठवतो.