धन्यवाद बल्गेरियन झालं

'या चु दोचि सुत्रा. ब्लागोदार्या!' स्कोप्येतल्या घरमालकिणीला पाठवायची मैत्रिणीची मॅसेडोनियन ईमेल आज वाचली. 'मी उद्या येईन, धन्यवाद' एवढंच म्हणायचं होतं. पण पहिलं वाक्य अख्खं सर्बियन आणि धन्यवाद बल्गेरियन!

प्रमाण रूप असं: 'उत्रे क्ये दोयदाम. ब्लागोदाराम.'

तिला म्हटलं, शेवटच्या 'आम'वर लक्ष ठेव. 'मी'चं वर्तमानकाळी क्रियापद तिथे 'आम'नेच संपतं, फक्त 'सुम' म्हणजे 'आहे' वेगळं. भविष्यासाठीचं 'क्ये' कुणासाठीच बदलत नाही, सर्बियन 'चु' मात्र माणसागणिक बदलतं. आणि 'दोचि'सारखं, आपल्या 'येणे'सारखं रूप मॅसेडोनियनमध्ये नाहीच.

मालकिणीला चुकीचंही बहुधा समजलं असतं. त्याचीच मला काळजी वाटते. समजलं की कोण दुरुस्त करतं?

तुमच्या चुका कुणी सांगतं का?