हो, त्या चॅटचे फोटो मी गॅलरीत येऊ देत नाही

"अगं, दादाच्या चॅटमधले फोटो तुझ्या गॅलरीत का दिसत नाहीत? बाकी सगळ्यांचे दिसतात की. काही लपवतेस का?"

हो, लपवते. आधी नणंदेने विचारलं, मग दोन मैत्रिणींनी, आणि शेवटी खुद्द दादानेच विचारलं. दरवेळी मी "असंच गं, सेटिंग आहे" म्हणून विषय बदलला, पण आता सांगूनच टाकते.

आईच्या टाचेची जखम तुम्हाला माहीत आहे. आई तेव्हा दादाकडे होती आणि डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे दादा रोज ड्रेसिंग सोडल्यावर दोन फोटो पाठवायचा, एक जवळून आणि एक शेजारी मोजपट्टी ठेवून, म्हणजे जखम किती मिलिमीटर भरली ते कळायचं. माझ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आपोआप डाउनलोड होतात आणि गॅलरीत कॅमेऱ्याच्या फोटोंमध्येच तारखेप्रमाणे जाऊन बसतात. म्हणजे लेकीच्या वाढदिवसाचे फोटो, मध्ये उघडी जखम, परत वाढदिवस. लेक सात वर्षांची, तिने एकदा स्वतःचे फोटो बघता बघता बोट सरकवलं आणि "हे काय आहे?" म्हणून फोन माझ्या हातात दिला. तेव्हा मी चिडून म्हटलं होतं की माझ्या फोनला हात लावायचा नाही. म्हणजे चूक तिची! ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

त्या रात्री सेटिंग शोधलं. दादाचा चॅट उघडायचा, वर त्याच्या नावावर टॅप करायचं, खाली Media visibility दिसतं. त्यात तीन पर्याय असतात, Default, Yes आणि No. Default म्हणजे Settings > Chats मध्ये सगळ्या चॅटसाठी जे ठरवलंय तेच. मला बाकीच्यांचे फोटो गॅलरीत हवे होते, म्हणून फक्त दादाच्या चॅटला No केलं. दुसऱ्या दिवशीचे दोन फोटो आले, चॅटमध्ये दिसले, गॅलरीत नाही आले. मी निश्चिंत झाले.

आणि इथेच माझं चुकलं. त्या पर्यायांच्या वरच प्रश्न लिहिलेला असतो, त्यात newly downloaded असे शब्द आहेत, म्हणजे यापुढे डाउनलोड होतील ते फोटो. आधीच्या अकरा दिवसांचे बावीस फोटो जिथे होते तिथेच होते. मी तो प्रश्न वाचलाही होता, घाईत पुढे गेले. नंतर गॅलरी उघडून तपासायला हवी होती, पण मी फक्त सगळ्यात वरचे, नवे फोटो बघितले. जुने तपासायचे तर खाली, मागच्या तारखांपर्यंत जावं लागतं, तेवढं मी गेलेच नाही.

तीन आठवड्यांनी आई माझ्याकडे आली. संध्याकाळी पाय उशीवर ठेवून बसली होती, म्हणाली, नातीचे वाढदिवसाचे फोटो दाखव ना. मी गॅलरी उघडून फोन तिच्या हातात दिला आणि आत गेले. परत आले तर ती फोन अगदी डोळ्यांजवळ धरून बसलेली, चष्मा कपाळावर. मला वाटलं नातीचा चेहरा मोठा करून बघतेय. ती म्हणाली, "एवढी होती?"

टाच तिला स्वतःला कधी दिसलीच नव्हती. पायाखालची बाजू, वाकता येत नव्हतं, आणि ड्रेसिंगच्या वेळी ती मुद्दाम दुसरीकडे बघायची. आम्ही दोघं तिला रोज "भरतेय, भरतेय" सांगत होतो, आणि ते खोटं नव्हतं. पण ऑपरेशननंतरचे पहिले चार दिवस कसे होते ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तिने तेच फोटो बघितले, मोजपट्टीसकट. मग विचारलं, हे कुणाकुणाला पाठवलेत? मी म्हटलं, डॉक्टरांनाच. ती काही बोलली नाही, फोन उलटा करून सोफ्यावर ठेवला. नातीचे फोटो मग बघितलेच नाहीत. रात्री झोपताना म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंत."

मी काय केलं, तर घाबरून सगळे बावीस फोटो गॅलरीतून डिलीट केले. हेही चुकलंच. माझ्यासारख्या अँड्रॉइड फोनवर गॅलरीत दिसणारा फोटो आणि चॅटमधला फोटो ही एकच फाइल असते, गॅलरी फक्त ती दाखवते. फाइल गेली की चॅटमध्ये नुसतं धूसर चित्र उरतं आणि टॅप केलं तर फाइल सापडत नाही म्हणतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पाचव्या दिवसाचा फोटो मागितला तेव्हा मला हे कळलं. दादाकडे मूळ फोटो होते म्हणून निभावलं, त्याने परत पाठवले आणि आता No असल्यामुळे ते गॅलरीत आले नाहीत. वहिनीच्या आयफोनवर हे वेगळं आहे, तिथे त्या सेटिंगला Save to Photos म्हणतात, चॅटपुरतं Never करायचं, आणि तिथे गॅलरीत वेगळी कॉपी जाते म्हणून ती डिलीट केली तरी चॅटमधला फोटो राहतो.

दादा म्हणतो, "मग तुझं No करून उपयोग काय, माझ्या फोनमध्ये आहेतच ना." बरोबर आहे त्याचं. माझं सेटिंग माझ्या फोनपुरतंच, त्याच्या गॅलरीत काय दिसतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि हे कुलूपही नाही. फोटो फोनमध्येच असतात, जागाही तेवढीच खातात, WhatsApp Images मधल्या Private नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि तिथे .nomedia नावाची फाइल असते म्हणून गॅलरी तिकडे बघत नाही. फाइल मॅनेजरमधून कुणीही उघडेल, चॅट उघडला तर समोरच आहेत. ज्यांना वाटतं की मी काहीतरी गुपित ठेवतेय त्यांनी एवढं तरी लक्षात घ्या, गुपित ठेवायचं असतं तर हा मार्ग कुणी निवडला नसता. मला फक्त एवढंच हवंय की दुसरं काही बघायला फोन हातात घेतलेल्या माणसासमोर आईची जखम अचानक येऊ नये.

पण कधी कधी वाटतं, मी हे नक्की कुणासाठी केलं? लेकीसाठी म्हणते, पण तिला नंतर नीट सांगितलं तेव्हा ती घाबरली नाही. आईसाठी म्हणावं, तर आईची तक्रार फोटो दिसल्याची नव्हतीच, न विचारता काढल्याची होती. त्यावर हे सेटिंग काहीच करत नाही. मग उरते मी. मलाच ते फोटो सारखे समोर नको होते, हेही असेल.

आता जखम भरलीये. दादा आता वेगळेच फोटो पाठवतो, आई झाडांना पाणी घालताना, आई चप्पल घालून उभी. तेही गॅलरीत येत नाहीत, कारण No हे अख्ख्या चॅटला लागतं, जखमेचा फोटो कुठला आणि आईचा कुठला हे त्याला कळत नाही. लेक विचारते आजीचे नवे फोटो कुठेत, मग मी चॅट उघडते, हवा तो फोटो उघडून वरच्या तीन टिंबांमधून Save करते, एकेक. परत Yes करायला दोन वेळा तिथपर्यंत गेले. दोन्ही वेळा तसंच ठेवून परत आले.