बाबांची साइट आणि रिडेम्प्शनचे उरलेले दहा दिवस

मी संभाजीनगरला एका छोट्या होस्टिंगवाल्याकडे सपोर्टला आहे. ११ ऑगस्टला सकाळी पुण्याहून एका ताईंचा फोन आला, आवाज रडका होता. "दादा, बाबांची साइट उघडत नाहीये, होस्टिंग तुमच्याकडंच आहे ना?"

बाबा म्हणजे पाटबंधारे खात्यातले रिटायर इंजिनियर. परभणी-जालना भागातल्या बारवा टेप लावून मोजायच्या, पायऱ्या मोजायच्या, फोटो काढायचे आणि सगळं साइटवर टाकायचं, असं बारा वर्षं चाललेलं. ते मार्चमध्ये गेले.

होस्टिंग बघितलं तर पुढच्या वर्षापर्यंत भरलेलं, फाइल्स सगळ्या जागेवर. घोळ डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा होता आणि डोमेन आमच्याकडं नव्हतं, दुसऱ्याच रजिस्ट्रारकडं, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडं होतं. बऱ्याच घरच्यांना हे दोन वेगळे व्यवहार आहेत हेच माहीत नसतं. हूइज, म्हणजे डोमेनची सगळ्यांना बघता येणारी नोंद काढली तर ही ओळ दिसली आणि माझ्या पोटात गोळाच आला:

```
Domain Status: redemptionPeriod
```

म्हणजे डोमेन डिलीट झालंय, फक्त जादा फी भरून परत मिळवायची शेवटची मुदत चालू आहे. डोमेन १२ जूनला संपलं होतं. ऑटो-रिन्यू चालू होतं, पण बाबा गेल्यावर बँकेने कार्ड बंद केलं, त्यामुळे पैसे कटले नाहीत. रजिस्ट्रारने महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी मेल पाठवलेले असणार, पण खात्याला मेल आयडी कुठला दिलेला, तर त्याच डोमेनवरचा! ती मेलबॉक्स मार्चपासून कुणी उघडली नव्हती आणि डोमेन बंद पडल्यावर तर ती मेलबॉक्सच बंद, म्हणजे पासवर्ड रीसेटची लिंकसुद्धा जिथं पोचू शकत नाही तिथंच जाणार.

ताई म्हणाल्या, "पण भावाने जूनच्या शेवटी बघितलं होतं, तारीख पुढच्या वर्षीची दिसत होती." इथंच पुष्कळ जण फसतात. डॉट कॉम संपलं की वरची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ यादी सांभाळणारी संस्था, आपोआप एक वर्ष वाढवून टाकते आणि रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत मुदत असते, ग्राहकाने पैसे भरले नाहीत तर त्याने डोमेन डिलीट करून स्वतःचे पैसे परत घ्यायचे. तेवढ्या काळात हूइजवर नवीन तारीख दिसते पण खरं म्हणजे कुणीही पैसे भरलेले नसतात. त्या दिवसांत साइटवर जाहिरातींचं पान दिसत असेल तर समजायचं की डोमेन संपलंय, तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. काही रजिस्ट्रार याच काळात डोमेन लिलावालाही काढतात, सुदैवाने हे कुणी घेतलं नव्हतं.

हूइजमधली Updated Date २२ जुलैची होती, म्हणजे त्या दिवशी डिलीट मारलेलं. तिथून रिडेम्प्शनचे ३० दिवस, २१ ऑगस्टपर्यंत. त्यानंतर ५ दिवस pendingDelete, त्यात कुणालाच काही करता येत नाही, आणि मग जो पहिला झडप घालेल त्याचं. बारा वर्षांच्या लिंका असलेलं नाव अशा वेळी जुगाराच्या साइटवाले हमखास उचलतात.

ताईंनी रजिस्ट्रारला आधीच लिहिलं होतं, "बाबा वारले, डोमेन माझ्या नावावर करा." त्यांनी मृत्यूदाखला, वारसाचा पुरावा, आईचं आणि भावाचं संमतीपत्र मागितलं. मागणी बरोबरच होती, पण वारसाचे कागद दहा दिवसांत होणार नव्हते. म्हणून मी म्हटलं, मालकी आत्ता मागूच नका. फक्त एवढंच लिहा की डोमेन बाबांच्याच नावावर, बाबांच्याच खात्यात राहू द्या, आम्हाला लॉगिनही नको, रिस्टोर करा, पैसे आम्ही भरतो. पैसे भरल्याने मालक बदलत नाही, त्यामुळे हे मान्य करायला त्यांना सोपं असतं. सोबत मृत्यूदाखला आणि ताईंचं आधार जोडलं.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी पेमेंटची लिंक आली, रिन्यूअल आणि रिस्टोर फी मिळून साडेआठ हजार, एरवी वर्षाला हजाराच्या आसपास लागतात. ताईंनी लगेच भरले. १५ ऑगस्टला सुट्टीच्या दिवशी मी घरून दर तासाला हूइज बघत होतो, संध्याकाळी redemptionPeriod गेलं आणि रात्री अकराला साइट उघडली, पहिल्याच पानावर बारवेच्या पायरीवर बसलेले बाबा. ताईंना फोन लावला, दोघंही जरा वेळ काही बोललोच नाही.

डोमेन परत आल्याबरोबर मेलबॉक्सही चालू झाली. बाबांच्या लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये पासवर्ड सेव्ह होता आणि आईंनी त्यांचं सिम रिचार्ज करून चालू ठेवलं होतं, नाहीतर ओटीपीवर अडलं असतं. तरी बाबांच्या नावाने आत शिरायचं नाही असं ठरवलं. वारसाचे कागद ऑक्टोबरमध्ये आले, ते पाठवल्यावर रजिस्ट्रारने डोमेन ताईंच्या खात्यात टाकलं. नवीन खात्याला ताईंचा जीमेल दिलाय, दुसरा मेल म्हणून भावाचा, आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरलेत.